त्याचे सगळे कळले, माझे सांगायचे राहिले

*मी 29 वर्षांची असून पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. विवाह जुळवणाऱ्या एका संकेतस्थळावरून ओळख झालेल्या मुलाला आतापर्यंत तीनदा भेटले. तो चाकणला इंजिनिअर आहे, वेळेवर येतो, वेटरशीही नीट बोलतो. पण दोन-दोन तास तो फक्त स्वतःबद्दल बोलतो: कंपनी, ट्रेक, मित्र. मी चांगली श्रोती आहे असं सगळे म्हणतात, म्हणून मी प्रश्न विचारत राहते. तिसऱ्या भेटीत मात्र माझं लक्ष कॉफीवरच्या फेसाकडे लागलं आणि तो काय म्हणाला ते मला कळलंच नाही. ज्याला माझ्यात रस असेल तो आपणहून विचारेलच ना? दुसऱ्याचं बोलणं तोडून मध्ये बोलणं मला जमत नाही. आई होकार की नकार ते विचारते आहे. काय कळवू?*

तुमच्या पत्रातला मला सर्वांत बोलका वाटलेला शब्द म्हणजे ‘म्हणून’. चांगली श्रोती आहे, ‘म्हणून’ प्रश्न विचारत राहते. या दोन गोष्टी तुम्ही इतक्या सहज जोडल्या आहेत, की ऐकणे आणि विचारणे ही वेगवेगळी कामे आहेत हे तुमच्या ध्यानात आलेले दिसत नाही. त्याला कारण तुमचा पेशा असावा. रुग्ण समोर येऊन बसला की तुम्ही विचारता: दुखते कुठे, कधीपासून, चढताना जास्त की उतरताना, रात्री झोपमोड होते का. त्याचे उत्तर संपते न संपते तोच तुमचा पुढचा प्रश्न तयार असतो. उठून जाताना त्या रुग्णाने तुम्हाला ‘आणि डॉक्टर, तुमचं काय?’ असे विचारावे, अशी तुमची अपेक्षा नसते, आणि त्याने तसे विचारले नाही म्हणून तो आत्मकेंद्री ठरत नाही. माझा अंदाज असा, की दवाखान्यातली तुमची खुर्ची तुम्ही तीनही वेळा कॉफीच्या टेबलापाशी घेऊन गेलात आणि समोरचा मुलगा, त्याला न कळत, रुग्णाच्या जागी बसला.

संभाषणात पाळी कोणाकडे जाते याचे काही साधे नियम आहेत. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तीन अमेरिकी अभ्यासकांनी 1974 मध्ये ते नीट मांडून दाखवले. बोलणाऱ्याने प्रश्न विचारून किंवा नाव घेऊन पुढचा माणूस निवडला, तर पाळी त्या माणसाची. कोणालाच निवडले नाही, तर जो आधी तोंड उघडेल त्याची. आणि कोणीच तोंड उघडले नाही, तर जो बोलत होता तोच पुढे बोलत राहतो. हे नियम तुमच्या दोन तासांना लावून पाहा. पाळी तुमच्या हाती आली, की तुम्ही प्रश्न विचारून ती तत्काळ त्याला परत करता. तो वाक्य संपवून जरा थांबला, की तुम्ही ‘हो का?’ किंवा ‘मग?’ म्हणता, म्हणजे ‘चालू दे’ असे सांगता. तुम्ही गप्प राहिलात, तर तिसऱ्या नियमाने तोच पुढे बोलतो. तिन्ही वाटा त्याच्याकडेच जातात, आणि त्यांतल्या निदान दोन तुम्ही स्वतः उघडून दिलेल्या आहेत.

आता हेही ऐका, की तुमच्या या सवयीचा त्याच्या मनावर बहुधा उत्तम परिणाम होत आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दिसले, की समोरच्याच्या उत्तरातला धागा धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसे लोकांना अधिक आवडतात. झटपट ओळखी करून देणाऱ्या भेटींच्या कार्यक्रमांतही अशा माणसांना दुसऱ्या भेटीसाठी होकार अधिक मिळाला. तेव्हा तो तुम्हाला तीनदा भेटला यात नवल काहीच नाही. घरी जाऊन त्याने आपल्या आईला ‘आमचं छान जमतं’ असे सांगितले असेल, तर तेही खोटे नव्हे. अडचण अशी, की आवडणे निराळे आणि ओळख होणे निराळे. तुम्ही त्याला आवडू लागला आहात, परंतु तो तुम्हाला ओळखत नाही, आणि त्याला ते कदाचित ठाऊकही नाही.

‘रस असेल तर विचारेलच’ हे गृहीत मला तपासून घ्यावेसे वाटते, कारण या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ते वारंवार भेटते, आणि ती पत्रे मुलींचीच असतात असेही नाही. काही घरांत माणसाची विचारपूस करणे हेच प्रेम असते. काही घरांत मात्र प्रश्न विचारणे म्हणजे चौकश्या करणे, आणि ज्याला सांगायचे असेल तो सांगेल असा तिथला शिरस्ता असतो. अशा घरात वाढलेला मुलगा स्वतःचे भरभरून सांगतो, कारण त्याच्या लेखी मोकळेपणाने सांगणे हाच समोरच्याला दिलेला मान असतो, आणि तुम्हीही तसेच सांगाल असे तो धरून चालतो. त्यातच स्थळे पाहण्याच्या भेटींत मुलीवर प्रश्नांची फैर झाडू नये, असे अनेक मुलांना घरून बजावून पाठवलेले असते, आणि ते योग्यच आहे. शिवाय धास्तावलेला माणूस शांतता भरून काढण्यासाठी बोलतो. यांपैकी त्याचे कारण कोणते हे तुम्हाला किंवा मला इथे बसून सांगता येणार नाही. ते कळून घेण्याची रीत पुढे येईलच.

त्याआधी ‘मध्ये बोलणे’ या तुमच्या धास्तीविषयी. दहा वेगवेगळ्या भाषांतल्या संभाषणांची मोजमापे घेऊन 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांतले अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास भरले, आणि भाषा बदलली तरी हा आकडा फारसा हलला नाही. मराठी त्या दहांत नव्हती, पण आपल्याकडच्या पंगतीत बसलेल्या कोणालाही हे पटेल. तुम्ही ज्या स्वच्छ, पूर्ण शांततेची वाट पाहता, ती सामान्य गप्पांत येतच नाही. माझ्या सासरी जेवायला बसलेली सात माणसे एका वेळी बोलतात. लग्नानंतरची पहिली दोन वर्षे मी माझ्या पाळीची सभ्यपणे वाट पाहत भात कालवत राहिले, आणि पुढे कधीतरी कळले, की सासूबाई नातेवाइकांना ‘सून गुणी आहे, पण जरा शिष्ट’ असे सांगत होत्या. वाक्याच्या अखेरीस आवाज उतरतो, माणूस श्वास घेतो, पेल्याकडे हात नेतो. बोलायची जागा ती. तिथे बोलणे म्हणजे कोणाला तोडणे नव्हे.

पण त्या जागेत काय बोलायचे? इथे नेमके उदाहरण घेऊ. तुमचे पत्र मी जरा मोठे करून वाचते आहे, तपशील माझ्या कल्पनेचे आहेत, तेवढे चालवून घ्या. समजा तो सांगतो आहे: ‘राजगड ते तोरणा आम्ही एका दिवसात मारला. चढताना काही वाटलं नाही, पण तोरण्यावरून उतरताना गुडघे बोलायला लागले.’ नेहमीप्रमाणे तुम्ही म्हणाल, ‘अरे बापरे! किती तास लागले?’ आणि तुम्हाला निघण्याच्या वेळेपासून पाण्याच्या बाटल्यांपर्यंतचा पंधरा मिनिटांचा वृत्तान्त ऐकावा लागेल. त्याऐवजी प्रश्नाच्या जागी एक विधान ठेवा: ‘उतरतानाच बोलणार ते. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच शरीराला आवर घालत असतो, त्यामुळे गुडघ्याच्या वाटीवर भार येतो.’ हे तुमच्या हक्काचे ज्ञान आहे, त्याच्याच विषयावरचे आहे, आणि त्यात प्रश्नचिन्ह नाही. आता थोडे पुढे जा: ‘यावरून मला सासवडचं एक आठवलं, ते सांगते.’

हे शेवटचे वाक्य लहान दिसते, पण सगळी मदार त्याच्यावर आहे. गोष्ट सांगायला एकापेक्षा जास्त वाक्ये लागतात, आणि पहिल्या वाक्यानंतर समोरच्याला वाटते, की झाले हिचे बोलून. म्हणून पाळी लांबणार असल्याची सूचना आधीच द्यावी लागते. आपल्या आज्या ‘अगं, ऐक तर खरी’ म्हणून हेच करत. सूचना देऊन झाली, की गोष्ट चार-पाच वाक्यांची ठेवा: ‘गेल्या वर्षी आम्ही काही जणी वारीत सेवेला गेलो होतो. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते, तिथे आमचा तंबू होता. एका आजींच्या पोटऱ्या नुसत्या दगड झाल्या होत्या. मी चोळत होते तर त्या मला म्हणाल्या, बाई, तू दिवसभर वाकलेली आहेस, तुझी कंबर कोण बघतं? त्या दिवसापासून मी रोज सकाळी स्वतःचे व्यायाम करते.’ आणि इथे थांबा. शेवटी ‘तू कधी वारीला गेला आहेस का?’ असे विचारू नका. तुमची जीभ त्या प्रश्नाकडे आपोआप वळेल, हे मी आत्ताच सांगून ठेवते. कॉफीचा घोट घ्या आणि दोन-तीन सेकंद जाऊ द्या. तुम्हाला ते फार लांब वाटतील.

पुढे जे घडेल त्यावरून तुम्हाला आतापर्यंतच्या सहा तासांतून कळले नसेल इतके कळेल. चार्ल्स डर्बर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1979 मध्ये प्रतिसादांचे दोन प्रकार सांगितले होते: बोलणाऱ्याच्या विषयाला हात देणारे आणि तो विषय आपल्याकडे वळवून घेणारे. ‘मग त्या आजी पुढे चालल्या का?’ हा पहिला प्रकार. ‘वारी म्हणजे, आमच्या कंपनीतले लोक सायकलने जातात’ हा दुसरा. पण एका वळणावरून निकाल लावू नका, कारण स्वतःची गोष्ट पुढे करणे ही आपल्याकडे ‘मलाही तसंच वाटतं’ असे म्हणण्याची रीतही आहे. सायकलवाल्या सहकाऱ्यांचे सांगून झाल्यावर तो पुन्हा तुमच्या तंबूत परततो का, ते पाहा. परतला, तर तो तुमच्यासारखाच दोघांच्या गप्पा मारतो आहे, फक्त लांबच्या वाटेने. नाही परतला, तर तुम्ही स्वतः एकदा परत आणा: ‘थांब, माझं पूर्ण व्हायचंय.’ हे हसत म्हणता येते. यानंतर तो ओशाळून ‘हो हो, सांग’ म्हणेल, की मनगटावरच्या घड्याळाकडे पाहील, याची नोंद घ्या. आणि सर्वांत खात्रीची खूण पुढच्या भेटीत मिळते. त्याने न विचारताही त्या आजींचा किंवा तुमच्या कंबरेचा उल्लेख केला, तर तो ऐकत होता. विचारण्याची सवय नसलेले, पण सगळे लक्षात ठेवणारे पुरुष मी पाहिले आहेत. भरपूर विचारून काहीच लक्षात न ठेवणारेही पाहिले आहेत, आणि त्यांच्याशी संसार अधिक अवघड जातो.

दर भेटीत अशा दोन-तीन गोष्टी पुरेत. निम्मा-निम्मा वेळ मोजून घ्यायला बसू नका. तो मुळात बोलका आहे आणि तुम्ही नाही, त्यामुळे लग्न झाले तरी हिशेब साठ-चाळीसचाच राहील. मात्र आपण काय सांगणार, याचा घरून निघण्याआधी पाच मिनिटे विचार करा. ज्यांना विचारण्याची सवय असते, त्यांना स्वतःचे सांगायची वेळ आली की नेमके काही आठवत नाही. आठवड्याभरातली एक हसण्याजोगी गोष्ट, एक सलणारी आणि एक तुम्हाला स्वतःच्या भविष्याबद्दल खरोखर कळवायची असलेली, अशी मनात तयार ठेवा. तुम्हाला लग्नानंतर स्वतःचा दवाखाना काढायचा असेल, तर ते तिसऱ्या प्रकारातले झाले, आणि ते चौथ्या भेटीनंतरही त्याला ठाऊक नसेल तर दोष त्याच्या एकट्याचा नाही.

राहिला प्रश्न त्या फेसाचा. लक्ष उडाल्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. फक्त माहितीच येत राहिली, तर कोणाचेही लक्ष उडते. कंपनीतल्या तीन साहेबांची नावे लक्षात ठेवण्याचा प्रयत्न सोडून द्या. त्याऐवजी तो कोणत्या वाक्यावरून घाईने पुढे जातो, तिकडे कान ठेवा. समजा ट्रेकच्या सांगण्यात एवढेच येऊन गेले, की ‘आधी दादा यायचा बरोबर, आता नाही येत’, आणि तो लगेच बुटांच्या किमतीवर गेला. बुटांवर दहा प्रश्न विचारण्यापेक्षा ‘दादा का येत नाही आता?’ हा एकच विचारा. उत्तर कदाचित दोन वाक्यांचे असेल आणि त्यानंतर तो प्रथमच गप्प होईल. जास्त बोलणारी माणसे बहुधा ठरावीक गोष्टी पाठ असल्यासारख्या सांगतात, आणि पाठ नसलेले एखादे वाक्य निघाले की तुमचेही लक्ष आपोआप परत येते. एक मात्र सांभाळा: हाही प्रश्नच आहे, तेव्हा भेटीत असा एखादाच. नाहीतर आपण पुन्हा दवाखान्यात जाऊ.

चौथी भेट टेबलापाशी ठेवू नका. समोरासमोर बसले, की एक सांगणार आणि एक ऐकणार ही मांडणी आपोआप होते आणि दोन तास एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते. सकाळी हनुमान टेकडीवर किंवा तळजाईला चालायला जा. शेजारी शेजारी चालताना बोलण्यात पोकळ्या पडल्या तरी त्या टोचत नाहीत, चढावर त्यालाही दम खायला थांबावे लागते, आणि मोर ओरडला, कुत्रे आडवे आले, की विषय दोघांपैकी कोणाचाच नसतो. फोनवरच्या गप्पांत मात्र तुमची अडचण वाढेल. तिथे श्वास दिसत नाही, पेल्याकडे गेलेला हात दिसत नाही, आणि तुम्ही बोलायला तोंड उघडले हे त्यालाही दिसत नाही. परगावच्या किंवा परदेशातल्या स्थळांशी व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या वाचकांनी तर हे ध्यानात घ्यावेच. तिथे आवाज किंचित उशिराने पोहोचतो, दोघे एकदम बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, आणि पुन्हा जो धीट तोच बोलतो. तिथे सरळ हात वर करून ‘आता मी’ म्हणावे. हसू येते आणि काम होते.

हे सगळे एक-दोन भेटींत करून पाहूनही पाळी हाती लागत नसेल, तर मग सरळ सांगा. सांगताना ‘तू फक्त स्वतःबद्दल बोलतोस’ असे म्हणू नका, कारण त्यावर माणूस एकतर भांडतो किंवा गप्प होतो, आणि दोन्हींतून तुम्हाला काही कळत नाही. असे म्हणून पाहा: ‘तुझं ऐकायला मला आवडतं, पण घरी गेल्यावर लक्षात येतं की माझं सांगायचं राहूनच गेलं. यात माझीही चूक आहे, मी विचारतच बसते. आज मला थोडं सांगायचंय.’ यातला बहुतेक आशय तुमच्या पत्रातूनच आलेला आहे, त्यामुळे तो तुम्हाला खोटा वाटणार नाही. चांगल्या मनाचा मुलगा यावर गोंधळेल, कदाचित लगोलग पाच प्रश्न एका दमात विचारील. तो ओबडधोबड प्रयत्न गोड मानून घ्या.

आणि असेही होऊ शकते, की तुम्ही सांगू लागल्यावर तो फोन काढील, तुमच्याच विषयात तुम्हाला शिकवू लागेल, किंवा ‘वारीत काय, सगळेच जातात’ म्हणून तुमची गोष्ट लहान करील. ही बडबड नव्हे. जागा न देणे आणि दिलेली जागा हिणवून परत घेणे यांत फार अंतर आहे, आणि दुसरी गोष्ट दोनदा घडली तर तिसऱ्याची वाट पाहू नका. तेव्हा आईंना नकार कळवताना मुलाचा स्वभाव वाईट आहे असे सिद्ध करण्याचीही गरज नाही. ‘त्याच्यासमोर मला बोलावंसं वाटत नाही’ एवढे कारण पुरेसे आहे.

आज मात्र आईंना होकारही कळवू नका आणि नकारही. अजून दोन भेटी हव्यात असे सांगा. त्या ‘अजून काय बोलायचं राहिलं?’ असे विचारतील, तेव्हा खरे तेच सांगा: ‘माझं.’ टेकडीवरून उतरताना त्याच्या गुडघ्यांकडेही जरा लक्ष ठेवा. विचारू मात्र नका, दुखत असतील तर तो सांगेलच.